सात रुपये साठ पैसे

"मॅम, आम्हाला पगार मिळणार का? आणि मिळणार असेल तर दिरहममध्ये की रुपयांत?"

हा प्रश्न मी विचारला. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, अख्ख्या अकरावीसमोर, उभं राहून. कारण माझ्या वर्गातल्या जैनब आणि अंशनं पैज लावली होती. "तू नहीं पूछेगी," जैनब म्हणाली होती, "तू तो अटेंडन्स में भी ऐसे बोलती है जैसे लायब्ररी में बैठी है." गेल्या वर्षीपर्यंत ते खरं होतं. एका सरांनी मला वर्षभर 'मनीषा' म्हटलं आणि मी मुकाट्यानं मनीषा म्हणून हजेरी दिली. मग ह्या वर्षी कुणीतरी आजारी पडलं, मला डिबेटमध्ये ढकललं, आणि मला शोध लागला की मला आवाज आहे. चांगला मोठा आहे. तेव्हापासून तो बंद करायचं बटण मला सापडत नाही, असं आई म्हणते.

पगाराचा प्रश्न फिरदोस मॅमना होता. त्या प्रायमरीच्या सुपरवायझर. 'बडी' नावाची योजना समजावून सांगत होत्या. तिसरीतली जी मुलं गणितात मागे पडलीत, त्यांना अकरावीच्या एकेका विद्यार्थ्यानं महिनाभर शिकवायचं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "एनी क्वेश्चन्स?"

हॉल हसला. मॅम हसल्या नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मिहिका ना? मिळेल पगार. पैशांत. तुझा बडी रेयांश, थ्री बी. चॅप्टर, मनी. कमावून दाखव."

अंश माझ्या कानात म्हणाला, "खलास. तू गेलीस."

त्यांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांनी रेयांशचा पेपर माझ्यापुढे सरकवला. रुपये आणि पैशांची गणितं, कारण शाळेची पुस्तकं भारतातली. वीसपैकी सहा. "मला वाटतं हा अंदाजानं लिहितो," त्या म्हणाल्या. "स्टेप्स नाहीत. काही उत्तरं बरोबर, काही जवळपास. ह्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी रीटेस्ट आहे. त्यात बारा पडले नाहीत, तर त्याला सपोर्ट सेक्शनमध्ये घालावं लागेल."

सपोर्ट सेक्शन म्हणजे तळमजल्यावरची वेगळी खोली, वेगळ्या टीचर, आणि वेगळी फी. हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ एखाद्या घराला काय होतो, ते मला दोन दिवसांनी कळलं.

रेयांशची बिल्डिंग शारजातल्या अल मजाजमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या मागेच. मधे फक्त एक पार्किंग. दार उघडलं त्याच्या आईनं, अर्चनाआंटीनं. रेयांश सोफ्यावर फुटबॉलच्या जर्सीत बसला होता. आठ वर्षांचा. पुढचे दोन दात नुकतेच आलेले, चेहऱ्याच्या मानानं मोठे. आणि प्रत्येक विषयावर मत.

"एक रुपया म्हणजे किती पैसे?" मी सुरुवात केली.

"हंड्रेड."

"पाच रुपये?"

"फाइव्ह हंड्रेड."

"व्वा! पाच रुपये पाच पैसे?"

"फाइव्ह हंड्रेड."

"अरे, आणि ते वरचे पाच पैसे?"

"दे गो," तो म्हणाला.

"कुठे गो?"

त्यानं खांदे उडवले. जणू ते पाच पैसे कुठे जातात हा त्यांचा खासगी प्रश्न होता.

मी पुढचं गणित वाचलं. मीनाने बारा रुपये चाळीस पैशांची पेन्सिलपेटी घेतली. दुकानदाराला वीस रुपये दिले. तिला किती परत मिळतील? रेयांशनं गणित सोडवण्याआधी मला थांबवलं. "दीदी, ट्वेंटी रुपीज इज नॉट इव्हन वन दिरहम. बाबा म्हणतात वन दिरहम इज ट्वेंटी थ्री. मीना इज व्हेरी पुअर?"

"मीना भारतात राहते. तिथे पेटी स्वस्त आहे. उत्तर सांग."

"सेव्हन फिफ्टी."

"चूक. सात साठ."

"ओके," तो म्हणाला, तेही अशा आवाजात की मला जे हवं ते मी मानावं, त्याची काही हरकत नाही.

मी त्याला झापलं. लक्ष नसतं तुझं, स्टेप्स लिही, हातचा घे. दहा गणितं घातली. सहा चुकली. मी इतकी वैतागले होते की निघताना अर्चनाआंटीनं दिलेला चहा उभ्यानंच प्यायले. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मिहिका, होईल का गं त्याचं? म्हणजे, तुला घाई करत नाही मी. पण त्या सपोर्टचे महिन्याला सहाशे दिरहम जास्त आहेत. सतीश म्हणतात, ह्या फीवर आणखी सहाशे आपल्याला झेपणार नाहीत. तसं झालं तर मी आणि रेयांश साताऱ्याला जाणार, आणि ते इथे रूम शेअर करून राहणार. एप्रिलपासून."

सतीशअंकल शारजा इंडस्ट्रियल एरियात एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात सुपरवायझर आहेत. त्यांना मी लिफ्टमध्ये बघितलंय, कायम रेयांशचा फुटबॉल काखेत घेऊन खाली निघालेले.

मी "इन्शाल्ला होईल, आंटी" म्हणाले. मग पार्किंगमधून घरी जाताना माझं मलाच वाटलं, नुसतं इन्शाल्ला म्हणून कसं चालेल? आता हे करायचंच.

पुढच्या वेळी मी ठरवलं की ओरडायचं नाही, ऐकायचं. एकेक गणित तोंडी विचारायचं आणि हा डोक्यात काय करतो ते बघायचं.

"पन्नास रुपये दिले. बिल सव्वीस रुपये पंचवीस पैसे. परत किती?"

"ट्वेंटी थ्री सेव्हन्टी फाइव्ह." कागद नाही, पेन्सिल नाही, श्वास घ्यायलाही थांबला नाही. मी अजून पन्नासातून सव्वीस वजा करत होते.

"दहा रुपये दिले. बिल सहा रुपये पंच्याऐंशी पैसे."

"थ्री ट्वेंटी फाइव्ह."

तीन पंधरा यायला हवेत. चूक. पण सव्वीस-पंचवीसवालं अवघड गणित ह्यानं क्षणात सोडवलं आणि हे सोपं चुकलं? मग साठ पैशांनी आणि पंधरा पैशांनी ह्याचं काय घोडं मारलंय?

शाळेत मी हे सांगितलं तर अंश म्हणाला, "अगं, पोरगा ठोकून देतो. कभी लग गया, कभी नहीं."

"नाही रे. ठोकून देणारा कधीतरी सात-वीस म्हणेल, कधी नऊ-ऐंशी. हा कितीही वेळा विचारलं तरी साडेसातच म्हणतो. तेही ठाम."

"मग हट्टी आहे."

"तुझे तो आदत है ना जिद्दी लोगों की," माझ्याकडे बोट दाखवत जैनब त्याला म्हणाली, "इसका और उस बच्चे का अच्छा जमेगा."

उत्तर मिळालं ते केळ्यांमुळे. शिकवणी संपली होती, मी निघाले होते, आणि अर्चनाआंटीनं रेयांशच्या हातात पाच दिरहमची नोट दिली. "खाली मुनीरअंकलकडून केळी आण. सहा-सात आण, जास्त पिकलेली नको." मुनीरचं दुकान त्यांच्याच बिल्डिंगखाली. इथे किराणा दुकानाला बकाला म्हणतात. दूध, खुबूसच्या रोट्या, चिप्स, फोनचं रिचार्ज, आणि दाराशी थोडी फळंभाजी. आमच्या लाइनमधली सगळी मुलं चालायला लागल्यापासून तिथे सामान आणतात. आमच्याकडे लिफ्ट आणि बकाला एवढं जमलं की मूल मोठं झालं असं समजतात.

मुनीरनं केळी काट्यावर ठेवली. आकडा आला, चार पॉइंट तीन पाच. म्हणजे चार दिरहम पस्तीस फिल्स, दिरहमचे शंभर फिल्स.

"सवा चार," मुनीर म्हणाला.

रेयांशनं पाचची नोट दिली. मुनीरनं ड्रॉवरमधून पंचवीस फिल्सची तीन नाणी काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. रेयांशनं न मोजता मूठ मिटली.

"अंकल, काट्यावर चार पस्तीस आहे," मी म्हणाले.

"हां बेटा, लेकिन दस फिल्स का सिक्का किसके पास है? ना तुम्हारे पास, ना मेरे पास. कभी मैं छोड़ता हूं, कभी तुम छोड़ो. यल्ला, चलो, पीछे लाइन है."

मागे खरंच लाइन होती. एक माणूस अंडी घेऊन उभा होता. पण मी काउंटरसमोरून हलेच ना. माझ्या डोक्यात काहीतरी धाडकन उघडलं होतं. मी रेयांशला धरून दुकानाबाहेरच्या पायरीवर आणलं.

"रेयांश, पटकन सांग. मुनीरअंकलकडे बारा चाळीसचं बिल झालं, तू वीस दिलेस."

"सेव्हन फिफ्टी."

"सहा पंच्याऐंशी. तू दहा दिलेस."

"थ्री ट्वेंटी फाइव्ह."

"एकोणपन्नास नव्वद. तू पन्नास दिलेस."

"नथिंग. ही विल से खलास."

"पाच रुपये पाच पैसे?"

"दीदी, देअर इज नो फाइव्ह," तो दमून म्हणाला, "आय टोल्ड यू."

मी पायरीवर बसून हसायला लागले. अंडीवाला माणूस बाहेर पडताना वळून बघत गेला. रेयांश अंदाज लावत नव्हता. एकही उत्तर अंदाजाचं नव्हतं. आमच्याकडे सुट्ट्या पैशांत दिसतात ती नाणी म्हणजे पंचवीस फिल्स, पन्नास फिल्स आणि एक दिरहम. त्याहून छोटं नाणं रेयांशनं जन्मात हातात घेतलेलं नाही. मग दुकानात काय होतं? मधली रक्कम आली की जवळच्या पंचवीसवर नेतात. बारा चाळीस असलं की साडेबारा. सहा पंच्याऐंशी असलं की पावणेसात. हा पोरगा आधी मनात बरोबर वजाबाकी करत होता आणि मग मुनीर जे हातावर ठेवेल ते लिहीत होता. म्हणूनच पंचवीस, पन्नास, पंचाहत्तरची गणितं त्याला कधीच चुकली नाहीत. सव्वा, साडे आणि पावणे एवढंच त्याचं जग होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फिरदोस मॅमच्या केबिनमध्ये जवळजवळ घुसलेच. सगळं सांगितलं. काटा, केळी, तीन नाणी. त्यांनी रेयांशचा पेपर पुन्हा काढला, एकेका उत्तरावर पेन ठेवून बघितलं. चौथ्या उत्तरावर त्यांच्या भुवया वर गेल्या.

"दिस इज व्हेरी इंटरेस्टिंग," त्या म्हणाल्या.

"मग मॅम, त्याला मार्क..."

"नो. इंटरेस्टिंग आहे, बरोबर नाही. प्रश्न विचारतो, किती परत मिळायला हवेत. सात रुपये साठ पैसे. जवळच्या पंचवीसला न्या असं मी सांगितलेलं नाही. उद्या ह्याला ऑनलाइन पेमेंट करायचंय, बँकेत जायचंय. तिथे दहा पैसेसुद्धा मोजतात." त्यांनी पेपर मिटला. "त्याला बुद्धी आहे हे तू मला पटवलंस. आता रीटेस्टच्या कागदावर दिसू दे."

त्यांचं बरोबर होतं, तेच मला जास्त झोंबलं.

मला वाटलं होतं, रोग कळला म्हणजे औषध सोपं. कसलं काय! "मुनीरला विसर" असं सांगून बघितलं. रेयांशला मुनीर विसरता येईना. मी पुठ्ठ्याची पाच आणि दहा पैशांची नाणी कापून आणली, सोनेरी स्केचपेननं रंगवली. त्यानं एक उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "फेक." मी त्याला फोनवर जुन्या दहा पैशांच्या नाण्याचा फोटो दाखवला. "कॅन यू बाय समथिंग विथ इट?" आता नाही चालत, असं मला कबूल करावं लागलं. "सो, फेक," तो म्हणाला.

पोरगा इतका तर्कशुद्ध होता की राग यायचा.

त्या रात्री जेवताना मी कोशिंबीर चिवडत विचार करत होते. नाण्यानं सुरुवात करून उपयोग नाही. त्याच्या डोक्यात एक पैसा असा नाहीच, तिथे फक्त नाणी आहेत. आधी रुपयाच दाखवायला हवा, त्याच्या आतल्या शंभर तुकड्यांसकट.

मी चौकोनी कागदांवर घरं आखली. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा घरं. एक कागद म्हणजे एक रुपया, एक घर म्हणजे एक पैसा.

"मोज," मी रेयांशला म्हणाले.

त्यानं एक ओळ मोजली, मग ओळी मोजल्या. "हंड्रेड."

"हा एक रुपया. आता पाच रुपये पाच पैसे दे मला."

त्यानं पाच कागद दिले. मग थांबला. सहाव्या कागदाकडे बघितलं, पेन्सिल घेतली आणि पाच घरं रंगवली. "दिस मच?"

"एवढंच. आता सगळे पैसे किती?"

"फाइव्ह हंड्रेड..." तो त्या रंगवलेल्या पाच घरांकडे बघत राहिला. ती कुठेही गेली नव्हती. "फाइव्ह हंड्रेड अँड फाइव्ह."

मी ओरडलेच. स्वयंपाकघरातून अर्चनाआंटी धावत आली, काय पडलं म्हणून.

मग लिहायला शिकवलं. रुपयांचे पैसे करायचे तर रुपयांना शंभरनं गुणायचं आणि वरचे पैसे मिळवायचे. पाच गुणिले शंभर, पाचशे, अधिक पाच, पाचशे पाच. उलट जायचं तर उजवीकडचे दोन आकडे पैसे, उरलेले रुपये. पॉइंट घालून लिहायचं तर पॉइंटनंतर पैशांसाठी कायम दोन जागा. पाच रुपये पाच पैसे म्हणजे पाच पॉइंट शून्य पाच. ते शून्य खाल्लं तर पाच पैशांचे पन्नास होतात. "देन आय ॲम रिच," रेयांश म्हणाला. पण शून्य लिहायला लागला.

मग मीनाची पेन्सिलपेटी. वजाबाकीत हातचा घेताना तो गोंधळायचा, म्हणून मी वर चढत जायला सांगितलं. बारा रुपये चाळीस पैशांपासून तेरा रुपयांपर्यंत जायला किती? तेराव्या रुपयाच्या कागदावर त्यानं चाळीस घरं रंगवली आणि कोरी मोजली. साठ. मग तेरापासून वीसपर्यंत? सात रुपये. मिळून सात रुपये साठ पैसे.

त्यानं त्या साठ कोऱ्या घरांभोवती पेन्सिलनं पंचवीस घरांची एक चौकट काढली. मग दुसरी. दहा घरं चौकटीबाहेर उरली.

"मुनीर अंकल गिव्ह्ज धिस अँड धिस," तो दोन चौकटींवर बोट ठेवून म्हणाला. मग बोट त्या दहांवर गेलं. "दीदी! ही टुक माय टेन!"

"घेतले. आणि केळ्यांच्या वेळी? चार पस्तीस होते, त्यानं चार पंचवीस घेतले."

त्यानं हिशोब केला. "ही गेव्ह मी टेन." आणि मग, खूप मोठा न्याय झाल्यासारखा, "ओके. फेअर."

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक गणिताला दोन उत्तरं काढायला लागलो. आधी हिशोबाचं, मग मुनीरचं. मुनीरला खोटं ठरवायची गरजच नव्हती. फक्त त्याचा नंबर दुसरा. परीक्षेत हिशोबाचं उत्तर लिहायचं. रेयांशला हा खेळ इतका आवडला की तो सतीशअंकलना जेवताना गणितं घालायला लागला.

आणि तरी, रीटेस्टच्या आधीच्या गुरुवारी, मी त्याला दहा गणितं घड्याळ लावून दिली तेव्हा सहा ठिकाणी त्यानं मुनीरचं उत्तर लिहिलं. घाई झाली की हात जुन्या वाटेनं जायचा. अर्चनाआंटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रेयांशनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "दीदी, सातारामध्ये फुटबॉल असतो?" त्यानं कधी नव्हे ते मराठीत विचारलं.

"असतो," मी म्हणाले. "पण तुला इथे खेळायचंय. उद्या सकाळी नऊला येते मी."

शुक्रवारी शारजात शाळेला सुट्टी. पण मला सुट्टी नसते. शुक्रवारी सकाळी माझा दुबईत इंजिनिअरिंग एंट्रन्सचा क्लास असतो, आणि त्या शुक्रवारी मोठी सराव परीक्षा होती. क्लासची बस साडेसातला खाली येते. ती आली, हॉर्न वाजवून गेली. आईबाबा दोघंही त्याआधीच दुबईतल्या ऑफिसला निघाले होते. मी घरात बसून आखलेल्या कागदांवर नवी गणितं लिहीत होते.

आम्ही दुपारपर्यंत बसलो. घड्याळ नाही लावलं. प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न. "चढून दाखव." म्हणजे बिलापासून दिलेल्या नोटेपर्यंत चढत जा आणि बघ, पोचतोस का. बारा चाळीसमध्ये साडेसात मिळवले तर एकोणीस नव्वद होतात. वीस होत नाहीत. दहा पैसे खाली राहतात. सुरुवातीला मी विचारत होते, मग तो स्वतःच पुटपुटायला लागला, "क्लाइंब... नो... टेन लेफ्ट." आणि स्वतःच खोडायचा. मग घड्याळ लावलं. पहिल्या फेरीत दोन चुका, दुसऱ्या फेरीत एक. तिसऱ्या फेरीत त्यानं खोडरबर मागितलाच नाही.

संध्याकाळी बाबांना क्लासचा मेसेज गेला होता. ॲबसेंट.

माझे बाबा, सदानंद, कधी आवाज चढवत नाहीत. ते आकडे चढवतात. "मिहिका, त्या क्लासची फी नऊ हजार दिरहम. तेवीसनं धर. दोन लाख सात हजार रुपये. दोन लाख सात हजार!"

"बाबा, मला माहितीये."

"आजारी होतीस? घरीच होतीस ना?"

"नव्हते. रेयांशकडे होते. सोमवारी त्याची टेस्ट आहे."

"अगं, त्याला आईवडील आहेत, टीचर आहेत. तू कोण त्याची?" आई म्हणाली. तिचं नाव विभावरी, आणि ती बँकेत काम करते, त्यामुळे तिला उत्तर मुद्देसूद लागतं.

"त्याचं उत्तर का चुकतं ते मला कळलंय. बाकी कुणाला कळलं नव्हतं. मग मी नाही जायचं तर कुणी?" एवढं बोलून मला जाणवलं की मी रडत नाहीये, माझा आवाज कापत नाहीये. "सोमवारपर्यंत थांबा. मग बोलू. नीट बोलू."

बाबा आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवार."

सोमवारी थ्री बीच्या दाराच्या काचेतून मला रेयांशचं डोकं दिसत होतं. मला खरं तर केमिस्ट्री लॅबमध्ये असायला हवं होतं. त्याचे ओठ हलत होते. क्लाइंब, क्लाइंब. मग एकदा तो थांबला, पेन्सिल उलटी केली, काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. जैनबनं मागून माझं दप्तर ओढलं. "चल ना, पागल. वो लिख रहा है, तू क्यों पसीना छोड़ रही है?"

शाळा सुटायच्या आधी फिरदोस मॅमनी मला बोलावलं. टेबलावर पेपर होता. वीसपैकी सतरा. मीना ह्या वेळी वही घेत होती, पण गणित त्याच वळणाचं. रेयांशनं स्टेप्ससकट बरोबर उत्तर लिहिलं होतं, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं की मुनीर अंकल किती देतील. तेही बरोबर होतं.

"समासाचे मार्क दिले नाहीत," मॅम म्हणाल्या, "कापलेही नाहीत. तो सपोर्टच्या लिस्टमधून बाहेर आहे. आईला मी फोन केला. ती एवढंच म्हणत राहिली, थँक यू मॅम, थँक यू मॅम."

मी पेपर हातात घेतला. मॅम अजून बोलत होत्या.

"तू सांगितल्यावर मी तिसरीच्या सगळ्या सेक्शनचे पेपर काढले. असे आणखी पाच आहेत. सगळी उत्तरं पंचवीसच्या पटीत. मी वीस वर्षं इथे शिकवते, मिहिका, आणि मी ह्या मुलांना निष्काळजी म्हणत आले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शाळेच्या दिवशी त्यांना वेळ नाही. शुक्रवारी सकाळी मी एक वर्ग उघडून घेऊ शकते. पण तुझा क्लास असतो असं ऐकलं. तुला नाही म्हणायचं असेल तर..."

"मॅम, उद्या सांगते," मी म्हणाले. माझं उत्तर 'हो' आहे, हे मला तिथेच माहीत होतं. पण हे आधी घरी सांगायला हवं होतं, आणि फक्त शुक्रवारचं नाही, सगळंच.

घरी बाबा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. आई फोनवर होती, अर्चनाआंटीशीच. "अगं, नाही गं, तिनंच सगळं... हो, सांगते हं तिला." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. चेहरा मवाळ होता, पण मुद्दा विसरली नव्हती. "छान झालं. खरंच. मला अभिमान वाटला. आता ह्या शुक्रवारी क्लास."

"टीव्ही बंद करता का, बाबा?"

बाबांनी आवाज कमी केला. मग माझ्याकडे बघून बंदच केला.

"सोमवार म्हणाला होतात," मी म्हणाले. मी उभीच राहिले, बसले असते तर मऊ पडले असते. "गेले दोन महिने मी त्या क्लासला जाते आणि बसमध्ये बसले की किती तासांनी सुटेन तेच मोजते. मी नापास होत नाहीये, मार्क बरे आहेत, मला माहितीये. पण रेयांशचं उत्तर का चुकतं हे शोधताना मला जेवायचं सुचत नव्हतं. असं मला फिजिक्सच्या एकाही गणितानं केलेलं नाही."

"तो एक मुलगा होता, मिहू," आई म्हणाली. "एका मुलावरून आयुष्य नाही ठरवत."

"आणखी पाच आहेत. शुक्रवारी सकाळी येणार आहेत."

"आणि दोन लाख सात हजार?" बाबांनी विचारलं. पण ह्या वेळी आकडा चढला नाही, नुसताच विचारला.

"क्लासवाले उरलेल्या टर्मचे पैसे परत देतात, मी फोन करून विचारलं. अर्धे. उरलेले मी फेडीन, हळूहळू, मला कामाला लागल्यावर. बाबा, आई, मी शुक्रवारचा क्लास सोडतेय. इंजिनिअरिंगची एंट्रन्स मी देणार नाही. मी बीएससी मॅथ्स करणार, मग बीएड, आणि मी प्रायमरीला गणित शिकवणार. बारावीला नाही, कॉलेजात नाही. तिसरीला. विचारा आता काय विचारायचं ते, मी इथेच उभी आहे."